कधी ऊब, कधी गारठा: सिच्युएशनशिपमध्ये ‘आपलं नक्की काय आहे?’ हे विचारावं का?

सात महिने मी अशा एका नात्यात होते, ज्याला नाव नव्हतं. त्या काळात मी मैत्रिणींना जे प्रश्न विचारून भंडावून सोडलं, तेच प्रश्न आता मला इतर लोक विचारतात. माझा अनुभव आणि त्यानंतर या विषयावर जे वाचलं, त्यातून ही उत्तरं लिहिली आहेत.

सिच्युएशनशिप म्हणजे नेमकं काय? नुसतं डेटिंग आणि यात फरक काय?

डेटिंगमध्ये दोघांनाही माहीत असतं की आपण अजून एकमेकांना पारखतोय. सिच्युएशनशिपमध्ये ती पारख कधीच संपून गेलेली असते. जवळीक असते, सवय असते, बऱ्याचदा शरीरसंबंध असतात, दिवसभरातलं बारीकसारीक एकमेकांना सांगणं असतं. फक्त आपण एकमेकांचे कोण, यावर अळीमिळी गुपचिळी असते. दोघांनाही असंच हवं असेल तर त्यात काही बिघडलेलं नाही. एकाला नाव हवंय आणि दुसऱ्याला तो विषयच नकोय, असं झालं की त्रास सुरू होतो.

दोन दिवस रिप्लाय आला नाही. हेच ते गरम-गार वागणं का?

नाही. दोन दिवसांवरून काहीच ठरत नाही. काही माणसं मुळातच कमी बोलतात, आणि जी सुरुवातीपासून कमी बोलते ती व्यक्ती गार पडलेली नसते. तिचा सूरच तो असतो. गरम-गार म्हणजे एकाच माणसाचे दोन सूर. या आठवड्यात रात्री दोनपर्यंत गप्पा, पुढच्या महिन्याचे बेत, ‘तुझ्याशिवाय करमत नाही’. पुढच्या आठवड्यात ‘हं’, ‘बघू’, ‘बिझी आहे’. मग काहीच घडलं नाही अशा थाटात पुन्हा पहिल्यासारखं.

असं किमान तीनदा घडल्याशिवाय त्याला पद्धत म्हणू नका. एकदा घडलं तर तो प्रसंग असतो, आणि दोनदा घडणं हा योगायोगही असू शकतो.

इतका त्रास होतो, तरी सोडवत का नाही?

कारण बक्षीस कधी मिळेल हे माहीत नसतं. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर केलेले प्रयोग 1957 मध्ये सविस्तर मांडले. बटणावर चोच मारली की दाणा, असं दर वेळी होत असेल तर दाणे बंद केल्यावर कबुतर लवकर थांबतं. दाणा कधी पाचव्या टोचीला, कधी पन्नासाव्या, असा बेभरवशाने मिळत असेल तर दाणे बंद झाले तरी ते कितीतरी वेळ टोचत राहतं. नऊ दिवसांच्या शांततेनंतर आलेला ‘जागी आहेस?’ हा मेसेज रोज येणाऱ्या शुभरात्रीपेक्षा जास्त गोड का लागतो, ते यावरून समजतं.

दुसरा अभ्यास थेट आकर्षणाबद्दलचा आहे. 2011 मध्ये व्हिटचर्च, विल्सन आणि गिल्बर्ट यांनी विद्यार्थिनींना काही मुलांची फेसबुक प्रोफाइल दाखवली. काहींना सांगितलं की या मुलांना तू खूप आवडलीस, काहींना सांगितलं की साधारण आवडलीस, आणि काहींना सांगितलं की खूप आवडलीस की साधारण, ते सांगता येत नाही. सर्वात जास्त ओढ तिसऱ्या गटाला वाटली, आणि त्या मुलांचे विचारही त्याच मुलींच्या डोक्यात जास्त घोळत राहिले.

मला हे खूप उशिरा कळलं, म्हणून ठासून सांगते. तुम्हाला जी तडफड होतेय ती खरी आहे, पण नातं किती खोल आहे हे तिच्यावरून मोजता येत नाही. त्यातला बराचसा भाग अनिश्चिततेतूनच येतो. ‘इतकं वाटतंय म्हणजे यात काहीतरी असणारच’ हा निष्कर्ष तेवढा काढू नका.

समोरची व्यक्ती हे मुद्दाम करते का?

बहुतेकदा नाही, पण या प्रश्नात अडकू नका, कारण हेतू आपल्याला दिसत नाही. गारठा कशानंतर येतो आणि तो कोण मोडतं, हे मात्र दिसतं. तेवढं लिहून ठेवा.

मी सहा आठवडे लिहिलं. वहीत तीनच रकाने होते: तारीख, काय झालं, आणि त्याच्या आदल्या दोन दिवसांत काय घडलं होतं. भावना लिहायच्या नाहीत, एवढाच नियम. त्या दीड महिन्यात तो चार वेळा गार पडला. पहिल्यांदा आम्ही दोन दिवस एकत्र फिरून आल्यानंतर. तो गारठा नऊ दिवस चालला. दुसऱ्यांदा त्याने मला त्याच्या मित्रांना भेटवलं त्यानंतर. तिसऱ्यांदा मला ताप आला होता आणि तो रात्रभर उशाशी बसला होता, त्यानंतर. चौथा मात्र वेगळा होता. तेव्हा त्याने आधीच सांगितलं होतं, ‘हा आठवडा कामात बुडालेला असेन, रविवारी फोन करतो.’ आणि रविवारी त्याचा फोन आला.

पहिल्या तिन्ही वेळा अबोला मी मोडला होता. चौथ्या वेळी त्याने.

वही वाचल्यावर दोन गोष्टी उघड झाल्या. एक, तो कामामुळे गायब होत नव्हता, कारण कामाच्या वेळी त्याला सांगून जाता येत होतं आणि ठरल्या दिवशी परत येता येत होतं. दोन, बाकीच्या तिन्ही अबोल्यांआधी आम्ही एक पायरी जवळ आलो होतो. म्हणजे जवळीक वाढली की त्याला मागे सरकावंसं वाटत होतं. हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये लहान मुलांच्या जिव्हाळ्याच्या पद्धती प्रौढांच्या प्रेमाला लावून पाहिल्या. त्यात जवळीक वाढली की अवघडणारी माणसं हा एक ठळक गट होता. पण त्या गटाचं नाव घेऊन कुणाचं निदान करत बसू नका. मी ते केलं, आणि त्याला समजून घेण्यात आणखी दोन महिने घालवले.

वहीत वेगळं चित्रही दिसू शकतं. गारठा कामाच्या ताणानंतर येत असेल आणि ती व्यक्ती आपणहून परतत असेल, तर हा सांगण्या-न सांगण्याच्या सवयीचा प्रश्न आहे, आणि तो बोलून सुटतो. ऊब फक्त रात्री अकरानंतर किंवा दुसरा बेत फसल्यावरच येत असेल, तर तुमची सोय म्हणून आठवण होतेय. या तिसऱ्या प्रकारात नाव विचारण्याची गरज क्वचितच उरते, कारण वेळापत्रकानेच उत्तर दिलेलं असतं.

थेट न विचारता खडा टाकून पाहिला तर?

सगळेच टाकतात. लेस्ली बॅक्स्टर आणि विल्यम विल्मॉट या संवाद-अभ्यासकांनी 1984 मध्ये अशा छुप्या परीक्षांवरच संशोधन केलं. मुद्दाम दूर राहायचं आणि आपली आठवण येते का ते पाहायचं. तिसऱ्या कुणाचं नाव घेऊन मत्सर वाटतो का ते पाहायचं. मित्रांना विचारायचं. चारचौघांत ‘माझा बॉयफ्रेंड’ म्हणून ओळख करून द्यायची आणि चेहरा वाचायचा. पुढच्या वर्षी त्यांनी जवळच्या नात्यांत कोणते विषय टाळले जातात हे विचारलं, तेव्हा सर्वात जास्त टाळला जाणारा विषय निघाला तो म्हणजे नात्याची सद्यस्थिती. म्हणजे हा विषय काढायला भीती वाटते, यात तुमचं काही चुकत नाही.

तरी या परीक्षांत एक खोट आहे. समोरच्याला आपली परीक्षा चाललीय हे माहीतच नसतं, त्यामुळे निकालाचा अर्थ लागत नाही. तुम्ही चार दिवस मेसेज केला नाही आणि तिनेही केला नाही. तिला फिकीर नव्हती, की तुम्हीच दूर जाताय असं तिला वाटलं? दोन्ही शक्य आहे. आणि गरम-गार नात्यात तुमची ही परीक्षा समोरच्याला तुमचा गारठा वाटते. मग दोघेही एकमेकांना तळ्यात-मळ्यात खेळवत बसतात.

विचारलं तर जे आहे तेही जाईल. मग विचारणं शहाणपणाचं कसं?

याचा मी सर्वात जास्त विचार केलाय.

‘हो’ येण्याची शक्यता किती, यावर शहाणपण ठरत नाही. ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ आलं तर तुम्ही काय करणार हे ठरलंय का, यावर ठरतं. ठरलेलं नसेल तर विचारणं खरंच धोक्याचं आहे, पण नातं तुटेल म्हणून नाही. ‘नाही’ ऐकूनही तुम्ही तिथेच राहाल, आणि आता तुम्ही ‘नाही’ला तयार आहात हे समोरच्याला कळलेलं असेल, म्हणून. विलर्ड वॉलर या समाजशास्त्रज्ञाने 1938 मध्ये लिहिलं होतं की ज्याला नातं टिकवण्यात कमी रस, त्याच्या हाती जास्त सूत्रं. तयारी नसताना विचारलेला प्रश्न उरलीसुरली सूत्रंही देऊन टाकतो.

म्हणून आधी स्वतःला विचारा. लियान नोब्लॉक आणि डेनिस सॉलोमन यांनी 1999 मध्ये नात्यातल्या अनिश्चिततेचे तीन उगम वेगळे केले: मला काय हवंय याची खात्री नसणं, समोरच्याला काय हवंय हे न कळणं, आणि हे नातंच काय आहे हे न समजणं. आपण बहुतेकदा दुसऱ्या प्रकारावर बोट ठेवतो आणि पहिला लपवतो. माझ्या एका मैत्रिणीने वर्षभर ‘त्याचं काही कळत नाही’ म्हणून डोकं फोडून घेतलं. शेवटी कागदावर लिहायला बसली, तेव्हा लक्षात आलं की त्याने उद्या होकार दिला तर तिलाच धडकी भरेल. तिने प्रश्न विचारला नाही. आपल्याला काय वाटतं ते त्याला सांगितलं, आणि पुढचं बोलणं तिथून उलगडलं. ते दोघे आजही एकत्र आहेत.

कागदावर दोन वाक्यं लिहून पाहा. ‘मला … हवं आहे.’ ‘ते मिळणार नसेल तर मी … करेन.’ दुसरं वाक्य पूर्ण होत नसेल तर अजून विचारू नका. त्यासाठी आठवडाभर थांबलात तर काही बिघडत नाही.

मग ‘जे आहे ते जाईल’ याचं काय? जाऊ शकतं. पण प्रश्न ज्याला तोलू शकत नाही ते पुढचं आजारपण, बदली, घरची अडचण कशी तोलेल, याचा विचार मला प्रत्येक वेळी करावासा वाटतो.

घाई होतेय का, हे कसं ओळखायचं?

तीन-चार भेटीच झाल्या असतील तर घाई आहे. तेव्हा ‘तुला साधारण कशा प्रकारचं नातं हवंय?’ एवढं विचारणं रास्त आहे, ‘आपण कोण?’ हे लवकर होतं. समोरची व्यक्ती नुकतीच मोठ्या नात्यातून बाहेर पडली असेल किंवा घरात कुणी गेलं असेल तर तिचं आजचं उत्तर फारसं टिकाऊ नसेल, हे धरून चाला. आणि नुकतंच भांडण झालंय, किंवा कालपासून रिप्लाय नाही म्हणून हात शिवशिवतोय, तर तो प्रश्न नसतो. तो अस्वस्थता उतरवण्याचा मार्ग असतो. दोन-तीन महिने नियमित भेटी होत असतील, जवळीक असेल आणि तुमच्या मनात हा प्रश्न रोज येत असेल, तर त्याला घाई म्हणता येणार नाही.

कधी आणि कोणत्या शब्दांत विचारायचं?

गारठ्यात विचारू नका. तेव्हा प्रश्नाला तक्रारीचा वास येतो, आणि दूर गेलेलं माणूस आणखी दूर जातं. ऊब ऐन भरात असतानाही नको, विशेषतः अंथरुणात. तेव्हाचा होकार त्या तासाचा असतो. मी म्हणेन, परत जवळ येऊन चार-पाच साधे दिवस गेले की विचारा. समोरासमोर, नाहीतर निदान फोनवर. मेसेजवर नकोच, कारण तिथे ‘नरो वा कुंजरो वा’ उत्तर द्यायला भरपूर वेळ मिळतो. अचानकही गाठू नका. ‘शनिवारी भेटल्यावर मला आपल्याबद्दल थोडं बोलायचंय’ एवढं आधी कळवा.

शब्द साधे ठेवा. मी म्हटलं होतं:

‘मला तू आवडतोस आणि मला हे पक्कं नातं म्हणून हवंय. मला एक दिसलंय की आपण जवळ आलो की त्यानंतर तू काही दिवस बोलत नाहीस. त्याचा मला त्रास होतो. तुला काय हवंय? आज उत्तर नसेल तरी चालेल, पण कधीपर्यंत देशील ते सांग.’

आधी स्वतःचं सांगितलं, मग दिसलेली गोष्ट, मग प्रश्न, मग मुदत. ‘तू नेहमी असंच करतोस’ हे टाळलं, कारण ते म्हटलं की पुढचा तासभर ‘नेहमी’ या शब्दावरच वाद होतो. आणि वही दाखवू नका. ती स्वतःला उमगावं म्हणून असते. समोर ठेवली की आरोपपत्र होते.

‘नाव कशाला हवं? छान चाललंय की’ असं उत्तर आलं तर?

मलाही जवळजवळ हेच मिळालं. ‘तू मला खूप आवडतेस, पण नावाची घाई कशाला?’

अशा वेळी नावावर वाद घालू नका. नाव बाजूला ठेवा आणि त्यातल्या गोष्टी एकेक करून विचारा. आपण दोघं इतर कुणाला भेटणार का? बोलायचं नसेल तेव्हा ‘दोन दिवस हवेत’ एवढं सांगशील का? जवळच्या लोकांना आपल्याबद्दल माहीत असेल का? कुणाला खरोखरच शब्दाचाच तिटकारा असेल, तर या प्रश्नांची उत्तरं सहज येतात. तीही येत नसतील तर अडचण शब्दाची नाही.

आम्ही तीन आठवड्यांनी पुन्हा बोलायचं ठरवलं. मुदत ठेवण्याचा मोठा फायदा हा की भिजत घोंगडं राहत नाही, आणि रोज उठून विचारायची वेळ येत नाही. त्या तीन आठवड्यांत मी शब्दांकडे लक्ष दिलं नाही, गारठा कसा येतो ते पाहिलं. पहिले आठ दिवस तो इतका जवळ होता की मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. पुढचे सहा दिवस पुन्हा काही नाही, आणि ‘दोन दिवस हवेत’ हे साधं वाक्यही नाही. ठरल्या दिवशी तो म्हणाला, ‘मला खरंच माहीत नाही.’ मी त्याच्यावर विश्वास ठेवला. त्याला माहीत नव्हतंच. पण माझं दुसरं वाक्य लिहून झालं होतं.

एक लक्षात ठेवा: गारठा पूर्ण थांबला नाही म्हणजे सगळं फोल, असं नाही. सवय तीन आठवड्यांत जात नाही. ती व्यक्ती गार पडण्याआधी सांगायला लागली, किंवा परत आल्यावर त्या दिवसांबद्दल स्वतःहून बोलली, तर ती सुधारणाच आहे आणि आणखी वेळ द्यायला हरकत नाही.

इतर कुणाशी संबंध आहेत का, हे विचारायलाही थांबायचं का?

नाही. हा प्रश्न प्रेमाचा नाही, आरोग्याचा आहे. शरीरसंबंध असतील तर तो पहिल्याच दिवशी विचारता येतो, त्यासाठी नात्याला नाव लागत नाही. आणि ‘तपासणी केली, सगळं ठीक आहे’ एवढ्यावर थांबू नका. कधी केली ते विचारा. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणाऱ्या एचआयव्हीच्या अँटिजेन-अँटिबॉडी तपासणीत संसर्ग दिसायला साधारण 18 ते 45 दिवस लागतात. मागच्या आठवड्यातल्या संबंधाबद्दल आजचा निगेटिव्ह अहवाल काही सांगत नाही. या उत्तरात कुणी टाळाटाळ करत असेल तर काळजी घ्या, निरोध वापरा.

गारठा शिक्षेसारखा वाटत असेल तर?

तुम्ही ‘नाही’ म्हटलंत की अबोला, मित्रांना भेटलात की अबोला, आणि माफी मागितली की ऊब परत, असं असेल तर इथे लिहिलेलं बाकी काही लावू नका. तिथे नाव विचारून उपयोग नाही. विश्वासातल्या कुणाला सगळं सांगा आणि बाहेर पडायचं बघा. धमकी किंवा मारहाण असेल तर समोरासमोर शेवटचं बोलणंही नको.

मी थांबलो, आणि आता तिचे पुन्हा मेसेज येतायत. हा बदल मानायचा का?

आधी स्वतःकडे पाहा. दाणा बंद झाल्यावर कबुतर लगेच थांबत नाही. सुरुवातीला ते आणखी जोरात टोचतं. नातं थांबवल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तुम्हाला आधीपेक्षा जास्त ओढ वाटेल. चुकीचा निर्णय घेतला म्हणून नाही, सवय मोडतेय म्हणून.

मग मेसेज वाचा आणि एकच पाहा: तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे का? ‘आठवण आली’, ‘ते गाणं लागलं होतं’, ‘तू कसा आहेस’ यात ऊब आहे, उत्तर नाही. ‘तू जे विचारलंस त्याचा मी विचार केला, भेटून सांगू का?’ यात उत्तर असू शकतं, आणि तिथे भेटायला काहीच हरकत नाही.

मला 23 व्या दिवशी मेसेज आला. ‘तुझी खूप आठवण येतेय.’ मी तासभर फोन हातात धरून बसले. मग लिहिलं, ‘मलाही येते. माझा प्रश्न अजून तोच आहे.’ त्याने तो वाचल्याचं दिसलं. त्यानंतर काही आलं नाही, आणि या वेळी शांतता मोडायला मी पुढे झाले नाही.